दुखतंय नडगीला, मग फोटो छातीचा कशाला?

"डॉक्टर, दुखणं हिच्या पायात आहे. चिठ्ठी दुसऱ्या कुणाची तर नाही ना लिहिली?"

लालबागहून लेकीला घेऊन आलेल्या एका आईने मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात मी लिहून दिलेला कागद होता: रक्ताच्या तीन तपासण्या, हातावर टोचायची एक सुई आणि छातीचा एक्स-रे. त्वचेच्या डॉक्टरकडे पायावरच्या लाल गाठी दाखवायला यायचं आणि छातीचा फोटो काढायला जायचं, हे कुणालाही विचित्रच वाटेल. माझ्या ओपीडीत हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं. त्या मुलीचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मुलगी २७ वर्षांची, लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी. दहा दिवसांपूर्वी उजव्या नडगीवर एक लालसर फुगवटा आला. लोकलच्या पायरीवर आपटलं असेल असं तिला वाटलं. दोन दिवसांनी डाव्या नडगीवरही आला. आठवड्यात दोन्ही पायांवर मिळून सात झाले. प्रत्येक गाठ लिंबाएवढी किंवा थोडी लहान, हाताला गरम लागणारी, आणि इतकी दुखरी की रात्री चादरीचा स्पर्श नको वाटायचा. घोटे सुजलेले, संध्याकाळी अंगात कणकण. एका डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं, फरक पडला नाही. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने 'सुजेची गोळी' दिली. दोन दिवसांत गाठी निम्म्या झाल्या, गोळी संपली तशा परत आल्या. त्या गोळीकडे मी नंतर येते, कारण या सगळ्या गोष्टीत मला सर्वात जास्त धास्ती तिचीच वाटते.

गाठ नेमकी कुठे असते?

या दुखण्याचं नाव इरिथेमा नोडोसम. नाव लॅटिन आहे, अर्थ साधा: लाली आणि गाठी. त्वचेच्या खाली चरबीचा थर असतो. तो एकसंध नसतो. डाळिंब फोडलं की दाण्यांचे कप्पे आणि त्यांच्यामधले पांढरे पडदे दिसतात ना, तशी या चरबीची रचना असते. इरिथेमा नोडोसममध्ये सूज येते ती मुख्यतः पडद्यांना. दाणे बरेचसे शाबूत राहतात. म्हणूनच ही गाठ पिकत नाही, फुटत नाही, पू होत नाही आणि बरी झाल्यावर खड्डा किंवा व्रण राहत नाही. मुका मार लागल्यावर जसा रंग बदलतो तशी ती आधी लाल, मग जांभळी, मग हिरवट-पिवळी होत तीन ते सहा आठवड्यांत विरून जाते. मध्येच नव्या गाठींची एखादी खेप येऊ शकते.

आपल्याकडे एक अडचण आहे. पुस्तकातली चित्रं गोऱ्या पायांची असतात, त्यावर गाठ लालभडक दिसते. सावळ्या पायावर ती तपकिरी किंवा जांभळट दिसते, कधी दिसतच नाही. मी अशा पायावरून आधी तळहात फिरवते. गाठ डोळ्यांआधी हाताला सापडते.

अंगावर गांधी उठतात त्या वेगळ्या. त्या खाजतात आणि एकेक गांध दिवसभरात विरते. इथे खाज जवळपास नसते, दुखणं असतं, आणि तीच गाठ त्याच जागी दिवसचे दिवस मुक्काम करते.

मग गाठीत जंतू असतात का?

नसतात, आणि इथेच सगळी गोम आहे. या गाठीतून सुईने पाणी काढून तपासलं तर बहुतेक वेळा जंतू सापडत नाही. जंतू, असलाच तर, शरीरात दुसरीकडे असतो: घशात, मानेच्या गाठीत, फुप्फुसात, आतड्यात. आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्याशी झुंजत असते, आणि त्या झुंजीचा धुरळा येऊन पडतो नडगीच्या चरबीत.

नडगीच का, याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. पण त्यातल्या त्यात पटणारं स्पष्टीकरण मुंबईकराला लगेच कळेल. पाऊस सगळ्या शहरावर पडतो, पाणी तुंबतं हिंदमाताला. नडगी ही शरीराची हिंदमाता आहे. खालच्या पातळीवर, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध रक्त वर चढवायचं, निचरा मंद. पोटरीत निदान स्नायूंचा पंप तरी आहे, पुढे हाडावर ताणलेल्या कातडीखाली तोही नाही. पाणी हिंदमाताला तुंबलं म्हणून पाऊस फक्त तिथेच पडला असं आपण म्हणत नाही. नडगीच्या गाठीबद्दलही तसंच.

त्यामुळे हात लावल्याने या गाठी कुणाला होत नाहीत. मुलीने आईशेजारी झोपायचं बंद केलं होतं, त्याची गरज नव्हती.

मूळ कुठे शोधायचं?

सर्वांत आधी विचारायचं ते घशाचं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरला असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे घसा बरा होऊन माणूस विसरून गेल्यावर, नडगीवर गाठी येतात. जगभर सापडणाऱ्या कारणांत हे अगदी वरचं. त्यासाठी रक्तात एएसओ नावाची तपासणी करतात. ती पहिल्यांदा नॉर्मल आली म्हणजे घसा सुटला असं नाही. दोन ते चार आठवड्यांनी परत करून आकडा चढतोय का ते पाहावं लागतं.

मग औषधं: गर्भनिरोधक गोळ्या, सल्फाची औषधं, काही अँटिबायोटिक्स. मग पाळी चुकली आहे का, कारण गरोदरपणातही हे होतं. मग पोट: महिनोन् महिने जुलाब, शौचात रक्त, पोटात कळा. आतड्याच्या दीर्घ सुजेचे क्रोन्ससारखे आजार कधी पोटाआधी पायावरून बोलतात. तोंडात वारंवार छाले येतात का, हेही त्यातच.

हे प्रश्न आईसमोर विचारताना मुली अवघडतात. मी आईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते. या मुलीचं सगळ्याला 'नाही' आलं. घसा नाही, गोळ्या नाहीत, पाळी वेळेवर, पोट ठीक, खोकलाही नाही.

आई परत आत आल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "हिचे सगळे ड्रेस मी आत घेतले हो दिवाळीनंतर. डाएट करते म्हणते."

"मी डाएट करत नाहीये, आई. तूच म्हणतेस."

वजन केलं: ४६ किलो. ऑफिसच्या आधीच्या तपासणीत ४९ होतं. दोन महिन्यांत तीन किलो, न ठरवता.

टीबीचंच नाव आधी का घ्यायचं?

युरोपात लिहिलेलं पुस्तक उघडलं तर कारणांच्या यादीत घसा आणि सार्कॉइडोसिस नावाचा आजार वर दिसतील, टीबी खाली. मुंबईत ती यादी मी उलटी वाचते. इथे खोल्या लहान, माणसं दाट, लोकलच्या डब्यात श्वासाला श्वास. पण निव्वळ गर्दी हे कारण नाही. टीबी आणि या गाठींचं नातं जुनं आहे. स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ आर्विड वालग्रेन यांनी १९४८ मध्ये क्षयाचं चक्क वेळापत्रक मांडलं: जंतू शरीरात शिरल्यापासून काय कधी होतं. त्यात संसर्गानंतर साधारण तीन ते आठ आठवड्यांनी थोडा ताप आणि नडगीवर या गाठी येतात. म्हणजे शरीराला टीबीच्या जंतूची पहिली ओळख पटते, तो क्षण. वेळापत्रक आपल्या लोकलसारखंच, कधी उशिरा धावतं. जुना दबलेला टीबी जागा होतानाही गाठी येऊ शकतात.

तेव्हा खोकला नसेल, थुंकी नसेल, छातीचा फोटो स्वच्छ असेल. बोलत असते ती फक्त नडगी.

मी मुलीची मान तपासली. उजव्या बाजूला, कॉलरच्या हाडाच्या जरा वर, बोटांखाली एक गाठ सरकली. दीड सेंटिमीटर, न दुखणारी. तिला माहीतच नव्हती. पायाची दुखरी गाठ सगळ्यांनी पाहिली होती, मानेची न दुखणारी कुणीही नाही. अशी तक्रार घेऊन गेलात आणि कुणी मान, बगल, जांघ चाचपली नाही, तर स्वतःहून सांगा.

माँटू पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झाला का?

नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. माँटू टेस्टमध्ये टीबीच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन हाताच्या कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथे किती कडक फुगवटा आला ते पट्टीने मोजतात. लाली मोजायची नसते, बोटाला लागणारा कडकपणा मोजायचा. त्यामुळे 'डॉक्टर, फोटो पाठवलाय, बघून सांगा' हे इथे चालत नाही. फोटोत लाली दिसते, कडकपणा नाही.

साधारण १० मिलिमीटरच्या पुढे पॉझिटिव्ह धरतात. पण भारतात मोठ्या माणसांपैकी जवळपास तीनात एकाच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला सापडतो, शिवाय लहानपणी टीबीची लस, बीसीजी, टोचलेली. म्हणजे माँटू सांगते 'या शरीराची टीबीशी ओळख आहे'. ओळख आहे आणि चोरी झाली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. रक्तातून होणारी महागडी इग्रा टेस्ट बीसीजीमुळे फसत नाही, पण झोपलेला जंतू आणि जागा झालेला जंतू यांत फरक तिलाही करता येत नाही. एवढ्याच आधारावर सहा महिन्यांची औषधं सुरू झालेली मी पाहिली आहेत. ते मला पटत नाही. आधी जंतूचा ठावठिकाणा शोधायला हवा.

या मुलीचा फुगवटा २२ मिलिमीटर आला, वर बारीक फोड. ईएसआर, म्हणजे नळीतल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात तो आकडा, ६८ होता. तिच्या वयाला तो २०च्या आत हवा. ईएसआर फक्त एवढंच सांगतो की कुठेतरी धुमसतंय. एएसओ नॉर्मल. छातीचा फोटो स्वच्छ.

फोटोत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्या फुगलेल्या गाठी दिसल्या असत्या, आणि माँटू अगदी सपाट आली असती, तर मी सार्कॉइडोसिसचा विचार केला असता. हा आजार टीबीचा बहुरूपी भाऊ आहे, पण त्यात जंतू सापडत नाही. पायावरच्या गाठी, सुजलेले घोटे आणि छातीतल्या त्या दोन गाठी हे त्रिकूट एकत्र आलं तर तो बहुधा आपला आपण बरा होतो. म्हणजे एकाच दिसणाऱ्या नडगीमागे एकाला सहा महिन्यांची औषधं लागतात आणि दुसऱ्याला नुसती वाट पाहणं पुरतं. छातीचा फोटो यासाठी होता, आई.

मुलीच्या मानेच्या गाठीत बारीक सुई घालून नमुना घेतला. एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला, दुसरा सीबीनॅट यंत्रात. हे यंत्र टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का तेही साधारण दोन तासांत सांगतं. औषधांना न जुमानणारा टीबी मुंबईत कमी नाही, त्यामुळे हे दुसरं उत्तर पहिल्याइतकंच गरजेचं. उत्तर आलं: टीबीचा जंतू आहे, रिफाम्पिसिन चालेल.

पण सुजेच्या गोळीने तर बरं वाटलं होतं!

वाटणारच. ती प्रेडनिसोलोन होती, म्हणजे स्टेरॉइड. इरिथेमा नोडोसमवर स्टेरॉइड झकास चालतं, दोन दिवसांत माणूस जिना चढायला लागतो. तेच तिचं संकट आहे.

स्टेरॉइड रोगप्रतिकारशक्तीला गप्प करतं. नडगीवरचा धुरळा खाली बसतो, पण मानेच्या गाठीत जंतूंना कोंडून धरणारे पहारेकरीही तेच असतात, तेही ढिले पडतात. भरीला तपासण्या फसतात: माँटूचा फुगवटा येत नाही, मानेची गाठ तात्पुरती लहान होते. रुग्ण बरा दिसतो आणि आजार आत पसरत राहतो. ही मुलगी दोनच दिवस घेऊन थांबली, म्हणून वाचली. सार्कॉइडोसिसमध्ये, क्रोन्समध्ये मी स्वतः स्टेरॉइड देते किंवा त्या त्या तज्ज्ञांकडून द्यायला लावते. पण टीबी नाही हे पाहिल्यानंतर, आणि चिठ्ठीवर लिहून.

तोवर दुखण्याचं काय? पाय उशीवर उंच ठेवायचे, चार दिवस उभं राहणं कमी करायचं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज बांधायचं, आणि नेप्रोक्सेनसारखी वेदनाशामक गोळी जेवणानंतर. गोळी डॉक्टरला विचारूनच. आतड्याच्या सुजेत ती त्रास वाढवते आणि गरोदरपणात चालत नाही. गाठी चोळू नयेत, त्यावर गरम पाण्याची पिशवी फिरवून तेल जिरवू नये.

गाठीचाच तुकडा काढून का तपासत नाही?

गाठ नेहमीसारखी दिसणारी असेल तर गरज नसते. तुकडा काढला तरी तो सांगतो 'पडद्यांना सूज आहे'. कशामुळे, ते सांगत नाही. वरवरचा तुकडा घेतला तर चरबीपर्यंत पोचतच नाही आणि रिपोर्ट निरुपयोगी येतो.

मात्र गाठ मागे पोटरीवर असेल, फुटून जखम होत असेल, व्रण ठेवत असेल किंवा दोन महिने झाले तरी हलत नसेल, तर मी तुकडा काढते, आणि खोल काढते. पोटरीवरच्या फुटणाऱ्या गाठी हे बाझँ यांच्या नावाने ओळखलं जाणारं वेगळं दुखणं असू शकतं, त्याचाही टीबीशी संबंध आहे. एकच पाय सुजला असेल आणि दुसरा अगदी ठीक असेल तर मात्र या लेखातलं काही लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी किंवा कातडीचा जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक घोळ नावावरून होतो. कुष्ठरोगात इरिथेमा नोडोसम लेप्रोसम नावाची प्रतिक्रिया येते. गाठी तिथेही दुखतात, पण त्या चेहऱ्यावर आणि हातांवरही येतात, ताप जोरात असतो, नसा दुखतात, डोळे लाल होतात. तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे. इंटरनेटवर अर्धंच नाव टाकून घाबरलेली माणसं मला भेटतात.

काहीच सापडलं नाही तर?

असं बऱ्याचदा होतं. सगळं तपासूनही अनेकांमध्ये, काही ठिकाणच्या नोंदींत तर जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये, कारण मिळत नाही. गाठी येतात तशा जातात. अशा माणसाला मी उगाच स्कॅनमागून स्कॅन करायला लावत नाही. सहा आठवड्यांनी बोलावते, वजन करते, मान परत चाचपते, एएसओ परत बघते. ताप, वजन घटणं, जुलाब यातलं काही नवं सुरू झालं तर आधी या, एवढं सांगते.

लालबागची मुलगी

टीबीची औषधं सुरू झाली. वजनाच्या हिशेबाने रोज तीन गोळ्या, दोन महिने चार औषधांच्या, मग चार महिने तीन औषधांच्या. टीबी रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या निक्षय पोर्टलवर नाव चढलं, पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये खात्यात येऊ लागले. लघवी केशरी झाल्यावर घाबरून फोन आला. तो रिफाम्पिसिनचा रंग, आधी सांगायला हवं होतं, माझी चूक. नडगीवरच्या गाठी चौथ्या आठवड्यात गेल्या, मागे पिवळट डाग राहिले.

दुसऱ्या महिन्यात मानेची गाठ मात्र वाढली. आईंचा धीर सुटला, औषध लागू पडत नाही म्हणून त्या वैद्य बदलायला निघाल्या. औषध चालू असताना प्रतिकारशक्तीला पुन्हा जोर येतो आणि मेलेल्या जंतूंवरच ती तुटून पडते, म्हणून गाठ काही दिवस फुगू शकते. औषधांना दाद न देणारा टीबी तर नाही ना, हे आम्ही नमुना पुन्हा घेऊन पाहिलं. नव्हता. गोळ्या त्याच चालू ठेवल्या.

तेवढ्यात मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: घरात कुणाला टीबी होता का?

"भाऊजींना होता," आई म्हणाल्या. "गेल्या वर्षी. तीन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, मग सोडल्या. आता नुसता सिगरेटचा खोकला आहे."

भाऊजी, म्हणजे मुलीचे काका, त्याच दोन खोल्यांत राहत होते. त्यांची थुंकी तपासली. जंतू होता. त्यांच्या मांडीवर बसून जेवणारा चार वर्षांचा नातू होता. त्याची तपासणी झाली, आजार नव्हता, त्याला प्रतिबंधक औषध सुरू केलं.